नऊशे पंचवीसचे पंचवीस

शर्मिला ओव्हाळच्या हाताखाली काम करणं म्हणजे धावत्या माणसाच्या पिशवीला धरून पळणं, असं तिच्या विभागातली राधा म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. शर्मिला भाजी निवडताना घाईत, स्कूटीवर घाईत, बोलताना तर इतकी घाईत की वाक्यातले निम्मे शब्द समोरच्यानं आपले आपण घालून घ्यायचे. पण हात असा पक्का की ज्या इंजेक्शनच्या नळीत औषध ओढताना इतरांना घाम फुटायचा, तिथं ही राधाशी गप्पा मारत ओढायची. तिच्या हातून थेंब सांडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

बोपोडीच्या चाळीत वाढलेली मुलगी. वडील धोंडिबा खडकीच्या कारखान्यात. आई गेली तेव्हा शर्मिला कॉलेजात होती आणि धाकटी निकिता तिसरीत. तेव्हापासून निकिताच्या वेण्या, तिचे डबे, तिच्या शाळेतल्या तक्रारी, सगळं शर्मिलाच्या अंगावर पडलं. घाईची सवय तिला तिथूनच लागली असणार. फिजिक्स घेऊन ती बीएस्सी झाली, मुंबईला जाऊन न्यूक्लिअर मेडिसिनचा डिप्लोमा केला, आणि नदीच्या अलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयात लागली. जयंतीच्या कार्यक्रमात वस्तीतली माणसं तिची ओळख ‘ही अणूचं औषध देते’ अशी करून द्यायची आणि धोंडिबा उगाचच टोपी सारखी करायचे. पुढे तिघं धायरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. निकिता इंजिनिअर झाली आणि खराडीच्या एका आयटी कंपनीत लागली. शर्मिलानं लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना ती उत्तर देत नसे, आणि दोनदा विचारायची कुणाची हिंमत होत नसे.

तिचा विभाग तळघरात. तिथं थायरॉइडच्या रोग्यांना किरणोत्सारी आयोडीन पाजत. दिसायला ते साधं पाणी. कागदी पेल्यात घालून, वर थोडं पाणी ओतून रोग्याच्या हातात द्यायचं. मात्र त्याचे दोन प्रकार असत, आणि दोहोंत हजारपटीचं अंतर. एक तपासणीचं: नुसतं चिमूटभर, पंचवीस मायक्रोक्युरी. ते दिलं की गळ्यातली ग्रंथी त्यातलं किती शोषून घेते हे दुसऱ्या दिवशी मोजायचं. दुसरं उपचाराचं: आठ, दहा, बारा मिलिक्युरी. एक मिलि म्हणजे हजार मायक्रो. ते हाव सुटलेल्या ग्रंथीला जाळण्यासाठी. तपासणीचा वार सोमवार, उपचाराचा गुरुवार. त्यामुळे तळघरात एक रीत आपोआप पडून गेली होती. आकडा तेवढा बोलायचा, एकक कुणी बोलायचं नाही. ‘पंचवीस’ म्हटलं की सोमवारी मायक्रो, ‘दहा’ म्हटलं की गुरुवारी मिलि. एकक वार सांगतो, असं शर्मिला नव्या मुलींना शिकवायची. त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नव्हतं, कारण वर्षानुवर्षं काही चुकलं नव्हतं.

मग औषधातला किरणोत्सार मोजायचं जुनं यंत्र बिघडलं आणि परदेशी नवं आलं. जुनं क्युरी या एककात बोलायचं, नवं बेक्वेरेल या दुसऱ्या एककात. डॉक्टरांची चिठ्ठी अजून क्युरीतच, फायली क्युरीत, आणि सगळ्यांची डोकीही क्युरीत. एक मायक्रोक्युरी म्हणजे सदतीस हजार बेक्वेरेल, हे प्रत्येक पेल्यापाशी कॅल्क्युलेटर घेऊन कोण करत बसणार? निकिताच्या ऑफिसातल्या चेतन नावाच्या मुलानं एका रविवारी धायरीला येऊन, पोहे खाऊन, एक्सेलची शीट करून दिली. यंत्रावरचा आकडा टाका, शेजारच्या रकान्यात क्युरी येईल. करायचं एवढंच की सदतीसनं भागायचं. किलोबेक्वेरेलला सदतीसनं भागलं की मायक्रोक्युरी मिळतात, मेगाबेक्वेरेलला सदतीसनं भागलं की मिलिक्युरी. भागाकार तोच. वरचा मथळा तेवढा बदलायचा: सोमवारी ‘किलो, मायक्रो’, गुरुवारी ‘मेगा, मिलि’.

चेतननं विचारलंही होतं, की ताई, दर ओळीला एककाचा वेगळा रकाना ठेवू का? शर्मिला म्हणाली, कशाला, तेवढंच टायपिंग वाढतं. मुलगा बिचारा गप्प बसला. दुसऱ्याच्या घरचे पोहे खाल्लेला माणूस फार वाद घालत नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर निकिताला आधी ताप आला, मान दुखली, आणि महिन्याभरात छाती धडधडायला लागली. हात थरथरायचे, कपडे सैल झाले. रक्तात थायरॉइडचं प्रमाण बरंच वाढलेलं निघालं. विभागाचे प्रमुख डॉ. देवस्थळी यांनी शर्मिलाला समोर बसवून समजावलं. तिला ते माहीत होतंच, पण रोगी घरचा असला की माहीत असलेलंही नव्यानं ऐकावं लागतं. शक्यता दोन. एक तर ग्रंथीला हाव सुटली असेल. मग ती आयोडीन मिळेल तेवढं ओढून घेते आणि थायरॉइड तयार करत सुटते. नाहीतर ग्रंथीला नुसती सूज असेल. मग ती साठवलेलं बाहेर सांडते आहे, नवं काही घेत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप बरी होते. यातलं कोणतं, हे चिमूटभर आयोडीनची तपासणी सांगणार होती.

तपासणी सोमवारी. पण सोमवारी निकिताला सुटी नाही. पुढच्या सोमवारी नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज. त्याच्या पुढच्या सोमवारी क्लायंट अमेरिकेहून येणार. शेवटी शर्मिला म्हणाली, ये तू गुरुवारी, मी घुसवते. तिनं डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर नाखुशीनं हो म्हणाले आणि पंचवीसची चिठ्ठी लिहून दिली. आपलं माणूस रांगेत उभं राहत नाही, हा नियम कुठल्याही भिंतीवर लावलेला नसतो, पण तो रुग्णालयातल्या सगळ्यांना पाठ असतो.

गुरुवारी उपचाराचे तिघं होते. त्यांचे पेले झाले, ते गेले, आणि निकिता धापा टाकत तळघरात उतरली. जिना उतरूनच तिची छाती धडधडत होती. ताई, लवकर कर, मला अर्ध्या दिवसाचीच रजा आहे, असं म्हणून ती बाकावर बसली. शर्मिला शिशाच्या विटांमागे गेली. तिथं शिशाच्या दोन भांड्यांत दोन बाटल्या होत्या: सोमवारची उरलेली पातळ, आणि गुरुवारची जालीम. तिनं बाटलीतून औषध ओढलं, यंत्रात ठेवलं. सातशेच्या वर काहीतरी आलं. आयोडीन दिवसेंदिवस विझत जातं, तेव्हा सोमवारी मापाला नऊशे पंचवीस भरणाऱ्या पातळ बाटलीतून एक मापभर घेतलं तर गुरुवारी तेवढंच यायला हवं. तिनं थोडं आणखी ओढलं. नऊशे पंचवीस.

“नऊशे पंचवीस,” ती आतून म्हणाली. राधानं संगणकावर आकडा टाकला. शेजारच्या रकान्यात भागाकार आला. “पंचवीस,” राधा म्हणाली. दारात उभ्या डॉक्टरांनी हातातल्या चिठ्ठीवर पंचवीस पाहिलं आणि मान डोलावली. तिघांचं समाधान झालं. निकितानं पेला रिकामा केला, चव कसलीच नाही म्हणून तोंड वाकडं केलं, आणि ऑफिस गाठायला निघून गेली.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर शर्मिलानं दिवसाच्या शीटची छापील प्रत काढली. पडद्यावर ओळी सरकत सरकत मथळा केव्हाच वर निघून गेलेला असायचा. कागदावर तो ठळक उमटला: मेगाबेक्वेरेल, मिलिक्युरी. खाली दहा, आठ, बारा. आणि चौथ्या ओळीत निकिता ओव्हाळ, नऊशे पंचवीस, पंचवीस.

पहिल्यांदा तिला नुसतं चुकचुकल्यासारखं झालं. मथळा बदलायचा राहिला. या एका ओळीपुढे पेनानं ‘मायक्रो’ लिहून सही करू. तिनं पेन काढलंही. आणि पेन कागदावर टेकवायच्या आधी तिच्या मनात आलं की आपण हे कशाच्या आधारावर लिहितोय?

यंत्राच्या पडद्यावर आकडा मोठा असतो आणि आपोआप बदलणारं एकक कोपऱ्यात, मुंगीएवढं. आज त्या कोपऱ्यात किलो होतं की मेगा? तिनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. नऊशे पंचवीस लख्ख दिसले. कोपरा दिसेना. मग डावीकडची बाटली घेतली की उजवीकडची, हे आठवून पाहिलं. निकिता बाहेरून काहीतरी बोलत होती, कुठल्याशा टीम लीडला शिव्या घालत होती, आणि शर्मिला हसत होती. हात आपोआप चालत होते. त्या पक्क्या हातांचा तिला त्या क्षणी इतका राग आला की ते खिशात घालून ती तशीच उभी राहिली. गुरुवारची बाटली तिनं अशी पातळ केलेली असायची की एका मापाला सातशे चाळीस यावेत. सातशे चाळीस मेगा. तेही सातशेच्या वर काहीतरीच.

तिनं राधाला विचारलं, बाटल्या कुठायत? राधा म्हणाली, रिकाम्या केल्या की, तुम्हीच सांगितलंय ना जेवायच्या आधी आवरत जा म्हणून. उरलंसुरलं सगळं एका मोठ्या बाटलीत ओतून शिशाच्या कपाटात ठेवायची पद्धत होती, आणि त्या बाटलीत मागच्या कितीतरी आठवड्यांचंही होतं. ती मोजून काही कळणार नव्हतं. रिकामे पेले एकाच पिशवीत, उपचाराच्या पेल्यांसकट. कागद घेऊन शर्मिला डॉक्टरांकडे गेली.

डॉ. देवस्थळी पुण्याच्या जुन्या वळणाचे. आवाज चढवायचे नाहीत, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटायची. त्यांनी कागद पाहिला, मग शर्मिलाकडे पाहिलं.

“दोन्हींपैकी काय झालंय हे तुम्हाला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “मलाही नाही, आणि मी दारातच उभा होतो. तेव्हा वाईट तेच झालंय असं धरून चालू.”

वाईट म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. मायक्रो असतील तर प्रश्नच नाही. मिलि असतील, आणि निकिताच्या ग्रंथीला हाव सुटलेली असेल, तर ती ग्रंथी या घटकेला बहिणीच्या हातचं विष घटाघटा पीत होती. उपचाराला देतात त्याच्या दुप्पट-अडीचपट. काही महिन्यांत ग्रंथी जळून कोळसा. मग सव्विसाव्या वर्षापासून मरेपर्यंत रोज सकाळी गोळी. ग्रंथी काढायची, जाळायची, की नुसती वाट पाहायची, हे ठरवण्यासाठीच तर ही तपासणी होती. आता ठरवायला काही उरलंच नसतं. त्यावर उपाय एकच: साध्या आयोडाइडच्या गोळ्या द्यायच्या, म्हणजे साध्या आयोडीननं ग्रंथी भरून जाते आणि किरणोत्सारी आयोडीनला दार बंद होतं. पण जितका उशीर तितकं कमी. काही तास गेले की गोळ्यांचा फारसा उपयोग नाही.

शर्मिलानं निकिताला फोन लावला. वाजत राहिला. तिच्या मजल्यावर एका परदेशी बँकेचं काम चाले, आणि तिथं मोबाइल न्यायला बंदी. सगळ्यांचे फोन खाली लॉकरमध्ये. कंपनीच्या नंबरावर एका गोड आवाजानं इंग्रजीतून सांगितलं की मॅडम क्लायंट कॉलवर आहेत, निरोप ठेवा. कसला निरोप ठेवायचा? शर्मिलानं फोन आपटला, गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं, किरणोत्सार मोजायचं हातातलं मीटर त्याच्या पिवळ्या पेटीसकट उचललं आणि स्कूटीला किक मारली. मागून गाडी पाठवतो असं डॉक्टर म्हणाले, ते तिनं धड ऐकलंही नाही.

पुण्याच्या रहदारीबद्दल पुणेकरांनी इतकं लिहून ठेवलंय की त्यात भर घालण्यात अर्थ नाही. त्या दिवशी बंडगार्डनचा पूल आणि येरवड्याचा चौक यांनी तिची जी परीक्षा पाहिली ती तिची तिला माहीत. नगर रस्त्यावर एक कंटेनर आडवा झाला होता. पायात धरलेली पेटी सांभाळत ती फुटपाथवरून गेली, आणि ज्या रिक्षावाल्यानं तिला हटकलं त्याला तिनं जन्मात दिली नव्हती अशी शिवी दिली. सगळा वेळ डोक्यात एकच चित्र: निकिता संगणकासमोर बसलीय, हेडफोन लावून कुणा अमेरिकनाशी बोलतेय, आणि तिच्या गळ्यात काहीतरी निमूटपणे भरत चाललंय. दुखत नाही, खुपत नाही, चवसुद्धा लागली नाही.

खराडीच्या त्या काचेच्या इमारतीच्या फाटकावर नागोराव म्हणून पहारेकरी होते. हिंगोलीकडचे, वयानं धोंडिबांपेक्षा थोडे लहान. त्यांनी पेटी उघडायला सांगितली. आत काटा असलेलं यंत्र, वायर, आणि पेटीवर किरणोत्साराचा तो तीन पाकळ्यांचा लाल शिक्का. मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नागोरावांनी पेटी हलकेच खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरकले.

“म्याडम, हे काय हाय?”

डॉक्टरी यंत्र आहे, ती म्हणाली. आत न्यायचं नाही, फक्त निकिता ओव्हाळला खाली बोलवा. नागोराव म्हणाले, क्लायंट कॉल चालू असताना माणूस बोलावता येत नाही, तसा हुकूम आहे. ती म्हणाली, अर्जंट आहे. ते म्हणाले, इथं येणाऱ्या समद्यांचंच अर्जंट असतं. ते उद्धट नव्हते, हेच वाईट होतं. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं. शर्मिला फाटकाच्या कठड्यावर बसली, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा घाई न करता एक पूर्ण वाक्य उच्चारलं.

“वरती माझी धाकटी बहीण आहे, आणि सकाळी माझ्या हातून तिला चुकीचं औषध गेलंय.”

नागोरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते चौकीत गेले, इंटरकॉम उचलला आणि वरच्या कुणाला तरी सांगितलं की ओव्हाळ म्याडमच्या घरी वाईट झालंय, पाठवा त्यांना. परत येऊन म्हणाले, “दुसऱ्या कशानं सोडत न्हाईत वो. मयत म्हनलं की सोडतात.”

त्यामुळे निकिता लिफ्टमधून बाहेर आली ती रडतच. “बाबा?” एवढंच ती म्हणाली, आणि पळत यायला लागली.

“बाबा बरे आहेत. तिथंच थांब.”

“मग कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं. निकी, तिथंच थांब म्हणते ना. एक पाऊल पुढे येऊ नकोस.”

निकिता थांबली. तिचे गाल ओले होते आणि ती थरथरत होती. तिच्या आणि शर्मिलाच्या मध्ये मीटरभर अंतर असेल. शर्मिलानं यंत्र चालू केलं, आधी भिंतीकडे धरलं. काटा शून्यापाशी निवांत पडून होता. मायक्रो असतील तर एवढ्या अंतरावरून या काट्याला पत्ताही लागणार नव्हता. तिनं यंत्र बहिणीकडे वळवलं.

काटा उठला आणि टोकाला जाऊन आपटला. तिनं मापाची पट्टी बदलली, वरची घेतली. काटा पाचाच्या आसपास डुगडुगत स्थिर झाला. मिलिच होते. यंत्र टिकटिक करत होतं, आणि टिकटिक इतकी दाट की तिचा एकच आवाज झाला होता. नागोराव काही न कळताही टोपी काढून उभे राहिले.

गोळ्या काढताना शर्मिलाचा हात हलला नाही. त्या जमिनीवर ठेवून ती मागे झाली आणि म्हणाली, आधी हे गीळ, मग सांगते. नागोरावांनी चौकीतून पाण्याची बाटली सरकवली. निकितानं गोळ्या गिळल्या. तिला ताईचा चेहरा वाचता येत होता. तिसरीत असल्यापासून तेच वाचत आली होती.

मग शर्मिलानं सांगितलं. सोमवार, गुरुवार, दोन बाटल्या. पंचवीस द्यायचे होते, पंचवीसच दिले, आणि ते हजारपट होते. एककाचा वेगळा रकाना नको असं तीच म्हणाली होती, हेही सांगितलं. निकिता शीट करणाऱ्यांच्या जगातली; तिला ते लगेच कळलं. तिनं गळ्यावर हात ठेवला.

“गेली का माझी ग्रंथी?”

“तेच बघायचंय,” शर्मिला म्हणाली. “इकडे ये आता.”

ग्रंथीला हाव असेल तर एवढ्या वेळात तिनं बराच माल ओढलेला असणार, आणि काटा गळ्यापाशी सगळ्यात जास्त चढणार. नुसती सूज असेल तर गळ्यात काही नाही. सगळं पोटात आणि रक्तात फिरत राहील आणि लघवीवाटे निघून जाईल. जी तपासणी चिमूटभरानं करायची होती ती आता ओंजळभरानं होणार होती. शर्मिलानं यंत्र आधी पोटापाशी नेलं. काटा जोरात चढला. मग गुडघ्याच्या जरा वर, मांडीपाशी. खाली आला. तो आकडा तिनं मनात धरला. गळ्याकडे नेताना मात्र तिचा तो प्रसिद्ध हात लटपटायला लागला. दुसऱ्या हातानं मनगट धरावं लागलं. निकितानं हनुवटी वर केली आणि डोळे मिटले, लहानपणी वेणी घालून घेताना मिटायची तसे.

काटा मांडीएवढाच राहिला.

तिनं पुन्हा नेलं. डावीकडून, उजवीकडून, अगदी कातडीला टेकवून. मांडीएवढाच. पोटाच्या निम्माही नाही. गळ्यातली ती छोटीशी ग्रंथी तोंड मिटून बसली होती. पेला पुढे आला तेव्हा तिनं तो नाकारला होता.

पुढे सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी विभागातल्या मोठ्या यंत्रानं तेच सांगितलं. ग्रंथीत शंभरातले दोनसुद्धा धड नव्हते, आणि गोळ्यांनी उरलंसुरलं दारही लावून टाकलं. निकिता दोन दिवस वेगळ्या खोलीत एकटी राहिली. डॉक्टरांनी झालं ते जसंच्या तसं लिहून वर कळवलं, स्वतःचं नाव पहिलं घालून. शर्मिलाचं औषध ओढायचं काम काही महिने बंद झालं. पावसाळ्यात आलेल्या त्या तापानं निकिताच्या ग्रंथीला सूज आणली होती म्हणून ती वाचली. ओळख, हुशारी, पक्का हात, यातलं काही कामाला आलं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी फाटकापाशी शर्मिलानं यंत्र बंद केलं, आणि टिकटिक थांबल्यावर तिला स्वतःचंच रडणं ऐकू आलं. ती तोंडावर हात धरून कठड्यावर बसून रडत होती, आणि निकिता तिच्यासमोर उभी होती. रुग्णालयाची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसत होती.

“सूज आहे नुसती,” शर्मिला हुंदक्यांतून म्हणाली. “आपोआप बरी होशील.”

निकितानं ते ऐकून घेतलं. मग तिनं नाक पुसलं.

“बाहेरच्या बाईला पंचवीस दिले असतेस ना, तर चारदा कोपरा बघितला असतास,” ती म्हणाली. “घरचं माणूस म्हणून नाही बघितलास.”

ते खरं होतं. निकिता एक पाऊल पुढे आली. लांब राहा, असं सांगायचा शर्मिलाचा धर्म होता, आणि किती वेळ जवळ राहिलं तर अंगावर किती किरणोत्सार येतो हे तिला तोंडी काढता येत होतं. तिनं हिशेब केला नाही. बहिणीनं तिचं डोकं पोटाशी धरलं, आणि तिनंही ते तिथंच राहू दिलं, गाडीतून डॉक्टर उतरून हाका मारायला लागेपर्यंत.